गोड खात नाही, तरी साखर वाढली? मधुमेहाची कारणं आणि गैरसमज

अश्विनी_क
माझ्या दिरांचे रिपोर्ट आलेत, त्यावरून घरात वाद चाललाय. वय ४३, उंची १६५ सेंमी, वजन ६६ किलो, बेंबीच्या रेषेत कंबर ९४ सेंमी. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६, यकृताच्या तपासणीत एएलटी ५८. दारू अजिबात घेत नाहीत. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांनी गोड सोडलंय, चहासुद्धा बिनसाखरेचा. अंगाने जाडही नाहीत. मग साखर आली कुठून? कुणी म्हणतं चोरून गोड खात असणार, कुणी म्हणतं टेन्शनमुळे झालं. डॉक्टरांनी ‘अजून मधुमेह नाही, पण सीमेवर आहात’ इतकंच सांगून तीन महिन्यांनी बोलावलंय.

सुधाकर_प
चोरून खायची गरजच नाही. धान्य, बटाटा, पाव, सगळ्याचं पोटात ग्लुकोजच होतं. चहातली चमचाभर साखर सोडली आणि ताट तेवढंच ठेवलं, तर फरक काय पडणार? वर्षानुवर्षं इतकं ग्लुकोज आलं की स्वादुपिंड राबून राबून थकतं आणि इन्सुलिन कमी पडतं. उद्यापासून धान्य निम्मं करायला सांगा.

डॉ_मीनल
सुधाकरराव, धान्याचं ग्लुकोज होतं हे अगदी बरोबर. पण ‘राबून थकतं’ हे पटत नाही, आणि पुष्कळ गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एक हिशोब करून बघा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम धरलं, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं फक्त ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. एका साध्या जेवणातून ६०-७० ग्रॅम ग्लुकोज रक्तात उतरतं. तरीही निरोगी माणसाची साखर थोडी वर जाते आणि दोन-तीन तासांत खाली येते, कारण इन्सुलिन ते ग्लुकोज स्नायूंकडे आणि यकृताकडे वळवत राहतं. हे काम आयुष्यभर करायला निरोगी स्वादुपिंड समर्थ असतं. पोट भरून धान्य-कंदमुळं खाणारे, पण सडपातळ आणि अंगमेहनत करणारे समाज बराच काळ मधुमेहापासून जवळपास मुक्त होते.

आता अश्विनीताईंच्या दिरांचा आकडा बघा. ११२ ही साखर रात्रभर काही न खाता, सकाळी मोजलेली आहे. आदल्या जेवणातलं ग्लुकोज त्या वेळेपर्यंत कधीच मार्गी लागलेलं असतं. मग सकाळी रक्तात असतं ते कुठून येतं? यकृतातून. रात्री मेंदूला ग्लुकोज मिळत राहावं म्हणून यकृत ते थोडं थोडं रक्तात सोडत असतं. किती सोडायचं यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृतात चरबी साठली की हा लगाम सैल पडतो. इन्सुलिन असूनही यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज सोडत राहतं आणि उपाशीपोटीची साखर हळूहळू चढते.

म्हणून त्यांच्या रिपोर्टमध्ये मला साखरेच्या आकड्यापेक्षा बाकीचे चार आकडे बोलके वाटतात. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, एएलटी चढलेलं आणि कंबर ९४. चारही एकत्र बघितले तर बोट यकृतातल्या चरबीकडे जातं. चोरून गोड खाल्ल्याचा यात कुठेच पुरावा नाही, तेवढं घरी नक्की सांगा.

हेमंत_द
पण वजन ६६ म्हणजे उंचीच्या मानाने ठीकच आहे की. बीएमआय काढला, २४.२ येतो. २५ च्या आत म्हणजे नॉर्मल ना? चरबी येणार कुठून?

डॉ_मीनल
हेमंत, २५ ची रेघ सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. आशियाई वंशाच्या लोकांत धोका २३ पासूनच वाढायला लागतो, म्हणून आपल्याकडे तीच रेघ धरतात. आणि बीएमआयला चरबी दिसतच नाही, दिसतं ते फक्त वजन. याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. ती शरीराची कोठीच आहे. ही कोठी प्रत्येकाची वेगवेगळ्या मापाची, आणि ते माप बऱ्याच अंशी आनुवंशिक. ज्याची मोठी, तो १०० किलोचा होऊनही मधुमेहापासून दूर राहू शकतो. ज्याची लहान, त्याची ६६ किलोलाच भरते. त्यानंतर आलेली जास्तीची चरबी यकृतात, पोटातल्या अवयवांभोवती आणि स्वादुपिंडात शिरते.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा एका दुर्मीळ आजारात दिसतो. काही माणसांच्या कातडीखाली चरबी साठवण्याची सोयच नसते. ती अगदी काटक दिसतात, पण त्यांचं यकृत चरबीने भरलेलं असतं आणि मधुमेह अतिशय तीव्र असतो. ‘जाड नाही म्हणजे धोका नाही’ हा समज मला गोडाबद्दलच्या समजापेक्षाही जास्त घातक वाटतो, कारण अशी माणसं तपासणीलाच जात नाहीत.

घरी एक दोरी घ्या. उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. दिरांच्या उंचीचं निम्मं ८२.५ आणि कंबर ९४. इथे साडेअकरा सेंटिमीटरचा फरक आहे, बीएमआय काहीही म्हणो.

किरण_आहार
मीनलताईंशी बहुतेक सहमत. पण यातून ‘मग साखर निर्दोष’ असा अर्थ कुणी काढू नये. गोड सरबतं, शीतपेयं, फळांचा रस, म्हणजे पिण्यातून जाणारी साखर, हे वेगळं प्रकरण आहे. रोज एक-दोन गोड पेयं पिणाऱ्यांत ती क्वचितच पिणाऱ्यांपेक्षा मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्के जास्त आढळला, असा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०१० मध्ये आला होता.

कारणं दोन. ३३० मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी. एवढ्या कॅलरी चावून खाल्ल्या तर पुढच्या जेवणात आपोआप थोडं कमी जातं. प्यायल्या तर तसं फारसं होत नाही, त्या वरकडच राहतात. दुसरं म्हणजे साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज. त्याचा बहुतेक भार आतडं आणि यकृत उचलतं, आणि जास्त प्रमाणात आलं तर यकृत त्याची चरबी बनवतं. म्हणजे मीनलताई ज्या यकृताबद्दल बोलताहेत, तिथे पोचायचा हा जवळचा रस्ता आहे. मधातही फ्रुक्टोज असतंच, त्यामुळे साखरेऐवजी मध वापरून यात काही साधत नाही. अख्ख्या फळाची गोष्ट वेगळी, त्यात तंतू असतात आणि माणूस एका बैठकीला खाऊन खाऊन खाणार किती?

सुधाकर_प
म्हणजे शेवटी साखरेने मधुमेह होतो हेच की!

किरण_आहार
पेयांच्या बाबतीत मी ‘धोका वाढवते’ एवढं निश्चित म्हणेन.

डॉ_मीनल
मी थोडी जास्त सावध आहे. २६ टक्क्यांतला काही भाग वाढलेल्या वजनाचा आहे. वजनाचा हिशोब वेगळा केला तर आकडा उतरतो, पण शून्यावर येत नाही. उरलेला भाग साखरेचा स्वतःचा, की गोड पेयं पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयींचा, हे निरीक्षणांतून ठामपणे सांगता येत नाही. किरण यांचं आणि माझं यावर एकमत व्हायचं नाही. पण पेयं बंद करावीत यावर दोघांचंही एकमत आहे.

एवढं मात्र म्हणता येईल की आठवड्यातून एखाद्या वेळी गोड खाणारा, कंबर आटोक्यात असलेला आणि रोज चालणारा माणूस तुमच्या दिरांपेक्षा सुरक्षित असू शकतो. जास्तीच्या कॅलरी तेलातून आल्या, धान्यातून आल्या की साखरेतून, कोठी भरली की पुढची वाट तीच.

गौरीची_मावशी
मध्येच विचारते. माझ्या भाचीला सातव्या वर्षी मधुमेह निघाला, इन्सुलिन चालू आहे. सगळे बहिणीला बोल लावतात, चॉकलेटं दिलीस म्हणून झालं. इथे चरबीचं वाचून वाटलं, पण ती तर वाळकी आहे अगदी. मग तिलाही कंबर मोजायची का?

डॉ_मीनल
मावशी, नका मोजू. बरं झालं विचारलंत. तुम्ही सांगताय त्यावरून भाचीचा टाइप १ असणार, आणि या धाग्यावर बाकी सगळी चर्चा टाइप २ ची चालली आहे. आजार एका नावाचे, पण कारणं अगदी वेगळी. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. ही प्रक्रिया लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असते. चॉकलेट, गोड, वजन, यांपैकी कशाचाही हात त्यात नाही. बहुतेक मुलांच्या घरात टाइप १ आधी कुणालाच नसतो, म्हणून तर सगळे दोष द्यायला काहीतरी शोधतात. बहिणीने जे केलं वा केलं नाही, त्यामुळे हे झालेलं नाही.

ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांच्यासाठी: अचानक खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं करणं बंद झालेल्या मुलाने पुन्हा ते सुरू करणं आणि वजन उतरणं, असं दिसलं तर त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर तपासून घ्या. सोबत उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास असेल तर थेट रुग्णालय गाठा.

गौरीची_मावशी
बहिणीला हे वाचून दाखवते. फार बरं वाटलं.

हेमंत_द
टेन्शनचं राहिलं. आमच्या ओळखीत एकांना अपघातानंतर रुग्णालयात असतानाच साखर निघाली, २४०. आधी काहीच नव्हतं. तो धक्क्याने झालेला मधुमेहच ना?

डॉ_मीनल
आधी काही नव्हतं, की आधी कधी मोजलंच नव्हतं? दुखापत, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया अशा वेळी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, आणि ती यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात. काहींची साखर बरं झाल्यावर खाली येते. काहींची येत नाही, तेव्हा आजार आधीपासून होता आणि अपघाताने तो उघडा पडला असं समजायचं. हे ओळखायला एचबीए१सी उपयोगी पडतं, कारण ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ते ८ आलं, तर अपघाताने ते घडलेलं नाही. रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर मात्र त्या आकड्यावर विसंबू नये.

दीर्घकाळच्या ताणाबद्दल इतकं खात्रीने बोलता येत नाही. झोप कमी होणं, धूम्रपान वाढणं, हालचाल थांबणं, या मार्गांनी तो धोका वाढवतो हे पटण्याजोगं आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा परिणाम मात्र थेट असतो. त्या सुरू असतील तर साखर तपासत राहायलाच हवी.

अश्विनी_क
बापरे, किती गोष्टी कळल्या. आता दिरांनी करायचं काय? आणि सासूबाईंना आहे म्हणजे त्यांना होणारच, असं धरून चालायचं का?

डॉ_मीनल
होणारच असं नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप २ असेल तर आयुष्यभराचा धोका साधारण ४० टक्के, दोघांना असेल तर ७० च्या आसपास धरतात. याचा अर्थ कोठी लहान मिळाली असण्याची आणि बीटा पेशी लवकर ढेपाळण्याची शक्यता जास्त. पण कोठी भरायची की नाही, हे अजून बऱ्यापैकी हातात आहे.

न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये ११ मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरी दिल्या. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. स्वादुपिंड सावरायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. हा क्रम महत्त्वाचा, कारण यकृत आधी आणि स्वादुपिंड नंतर हे त्यातून दिसलं. पुढे त्याच गटाने सडपातळ म्हणता येतील अशा २० मधुमेहींचं वजन कमी कॅलरींच्या आहाराने उतरवून बघितलं. त्यांतल्या १४ जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. असा आहार घरी स्वतःच्या मनाने करू नका, विशेषतः साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर अजिबात नको.

तुमच्या दिरांना एवढं टोकाचं काही करायची गरज नाही. २००२ मध्ये ३२३४ लोकांचा अमेरिकन अभ्यास आला होता. त्यात ध्येय होतं वजन ७ टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ६६ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेचार किलो. ते सहा महिन्यांत, दर महिन्याला पाऊण किलो या गतीने उतरले तरी चालेल. सोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, कारण जेवणानंतरचं ग्लुकोज रिचवण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो आणि वजन उतरताना स्नायू झिजले तर नुकसान होतं. यश वजनकाट्यापेक्षा दोरीवर आणि ट्रायग्लिसराइड-एएलटीवर मोजा.

एक मर्यादा सांगायला हवी. त्या अमेरिकन अभ्यासातले लोक बरेच जाड होते. भारतातल्या तशाच अभ्यासात धोका २८.५ टक्क्यांनीच घटला, आणि तिथे वजन फारसं उतरलं नव्हतं. सडपातळ माणसांत बीटा पेशींचा मुळातला कमकुवतपणा किती आणि चरबीचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

सुधाकर_प
मग मी म्हटलं तेच, धान्य निम्मं करा. कॅलरीही कमी होतील.

डॉ_मीनल
त्याला माझा विरोध नाही, सुधाकरराव. धान्य कमी करून कंबर उतरत असेल तर उत्तम. फक्त त्या जागी तेल-तूप वाढायला नको.

अश्विनी_क
त्यांनी हा धागा वाचून परवापासून धान्य जवळपास बंदच केलंय! आणि मी मंगळवारी ग्लुकोज पिऊन करतात ती चाचणी ठरवलीय, म्हणजे नक्की कळेल. पोटाची सोनोग्राफी पण करून घेऊ का?

तेजस_लॅब
ताई, मंगळवारची चाचणी पुढे ढकला. त्या चाचणीच्या आधी किमान तीन दिवस नेहमीसारखं जेवण हवं, दिवसाला निदान १५० ग्रॅम कर्बोदकं. धान्य बंद असताना शरीर चरबी जाळायला लागलेलं असतं, इन्सुलिनची तयारी मंदावते, आणि एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज गेलं की निरोगी माणसाचीही साखर खोटी वर दिसते. आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून आधी जेवण कमी करतात आणि उलटंच घडतं.

रात्रभर, किमान आठ तास उपास, पाणी चालेल. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. पुढचे दोन तास बसून राहायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत, सिगारेट नाही. घोट सुरू केल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. उलटी झाली तर चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली आला तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे सीमेवर, २०० किंवा वर आला तर मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करतात. सर्दी-ताप असेल त्या आठवड्यात करू नका.

डॉ_मीनल
तेजस म्हणतात ते बरोबर. सोनोग्राफी करायला हरकत नाही, पण तिच्यात सौम्य चरबी अनेकदा दिसत नाही. ‘यकृत नॉर्मल’ असा रिपोर्ट आला तरी ९४ ची कंबर आणि २१० ट्रायग्लिसराइड विसरू नका. एएलटी चढण्याची इतरही कारणं असतात, कावीळ बी आणि सी ची तपासणी झाली नसेल तर ती डॉक्टरांना विचारा. आणि हिमोग्लोबिन बघितलंय का? लोह कमी असेल तर एचबीए१सी थोडं जास्त दिसू शकतं.

अश्विनी_क
हिमोग्लोबिन १४.२ आहे. मंगळवार रद्द केला, आज रात्रीपासून त्यांना नेहमीचं जेवण देते आणि पुढच्या सोमवारी चाचणी. आकडे आले की इथेच टाकते.